आठ अक्षरांची अंगाई

मी गाणी लिहीत नाही, गाणी बसवते. हा फरक मी इतक्या वेळा समजावून सांगितलाय की आता कुणी "अय्या, तुम्ही कवयित्री का?" असं विचारलं की मी सरळ "हो" म्हणून मोकळी होते. खरं काम वेगळं आहे. दुसऱ्या भाषेतलं गाणं येतं, चाल ठरलेली, ताल ठरलेला, गायिकेने श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. त्या साच्यात हिंदी शब्द घालायचे. अक्षर एकही जास्त नाही, एकही कमी नाही, यमक जुळलं पाहिजे आणि अर्थही हरवता कामा नये. दादरच्या एका छोट्या डबिंग स्टुडिओत मी हेच करते. कार्टूनची गाणी करते, मालिकांची करते, मधल्या काळात पंजाबी सिनेमांचीही बरीच केली.

हे काम मी शाळेत शिकले नाही, वडिलांकडे शिकले. आमची परळची चाळ. वडील गिरणीत होते आणि जयंती जवळ आली की चाळीच्या गायन पार्टीसाठी गाणी बांधायचे. चाल गाजलेल्या गाण्याची, शब्द आपले. ते पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत बसायचे आणि मला म्हणायचे, "कागदावर मोजू नको, तोंडात मोज." म्हणजे 'घर' कागदावर दोन अक्षरं, पण तोंडात एकच. 'घर' एका दमात निघून जातं. 'मेरा' म्हणताना तोंड दोनदा हलतं, म्हणून दोन. मी अजूनही असंच मोजते. या लेखात जिथे अक्षरं म्हणेन, तिथे ही तोंडातली समजा.

तर ही गोष्ट आमच्या स्टुडिओतल्या साउंड एडिटर मुलीच्या आजीची. मुलगी तिशीची, कामात एक नंबर. कान असा की माझ्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा चालू होता की बंद ते सांगायची. तिची आई पंजाबी, वडील कानपूरचे, ती मुलुंडला वाढली. घरात हिंदी, शाळेत मराठी, पंजाबीचा एक शब्द नाही. आई काही वर्षांपूर्वी गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. तिचं स्वतःचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी तीन महिन्यांची असताना ती नवऱ्याचं घर सोडून निघाली. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती आजीकडे आली, शीव कोळीवाड्याला, पंजाबी वस्तीतल्या दोन खोल्यांत.

बाळ बघायला मी गेले तेव्हा ते पाच महिन्यांचं झालं होतं. हातात लालबागचा चिवडा, कारण बाळाला काय न्यायचं हे मला कधीच कळत नाही. दार आजीने उघडलं. सगळी वस्ती तिला बीजी म्हणते, मीही म्हणू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंच, पांढरा सलवार-कमीज, आणि नजर अशी की आपण चप्पल नीट काढली की नाही ते आपणच परत बघावं. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आवाज फाटलेला, घोगरा. बोलायची मात्र सपाटून.

"ताई, बस ना," मुलगी म्हणाली. "पसारा आहे. तसं मी थोडेच दिवस आहे इथे. डोंबिवलीला खोली बघतेय."

मुलगी बाळाचे कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली तशी बीजीने माझं मनगट धरलं.

"तू गाने बदलती है ना? पंजाबी दा हिंदी?"

"हो. म्हणजे, हाँ."

"मेरा एक गाना बदल दे." आणि मग खालच्या आवाजात तिने जे सांगितलं ते असं. तिची मुलगी, म्हणजे या मुलीची आई, जन्मली तेव्हा बीजीने तिच्यासाठी एक लोरी बांधली होती. लिहिलेली कुठे नाही. आता ती पणतीसाठी हवी. पण बीजीचा गळा गेला, ती गायला लागली की बाळ रडतं. नात गाऊ शकते, पण ती म्हणते, "नानी, ज्याचा अर्थ मला कळत नाही ते मी नाही गाणार, पोपट आहे का मी?" आणि खरं कारण शेवटी आलं. "ये खोली ढूंढ रही है. छोटी बच्ची को लेके अकेली रहेगी. मैं बोलती हूँ मत जा, तो कहती है, नानी, तुम पे बोझ नहीं बनना. बोल के नहीं मानती. मुझे जो कहना है सब उस गाने में है. अपने मुँह से गाएगी तो मानेगी."

"नवीन खोली कधी बघायची आहे?"

"अगले ऐतवार."

म्हणजे नऊ दिवस. मी म्हटलं, चार ओळींची लोरी असेल, त्यात काय मोठंसं. फोन तिच्या तोंडाजवळ धरला, तिने हळू आवाजात म्हटली, मी रेकॉर्ड केली. अर्थ विचारला नाही. बीजी सांगायला लागली तर मी म्हटलं, "समझती हूँ, बीजी. कितनी पंजाबी फिल्में की हैं मैंने." इथे माझा शहाणपणा नडणार होता, पण तेव्हा कुठे माहीत होतं.

घरी येऊन ऐकलं. लिहून काढलं ते हे:

सौं जा पुत्तर, सौं जा राणी
अक्खां विच क्यों आया पाणी
ए कर तेरा, ओ कर तेरा
जित्थे बैठें, ओत्थे डेरा
गल्ल मेरी सुण ला के कन्न
मेरे वेहड़े चढ़या चन्न

पहिल्या चार ओळी आठ-आठ अक्षरांच्या, आणि प्रत्येक अक्षर जड, लांब. सौं, जा, पुत्, तर. सौं, जा, रा, णी. आखूड अक्षर एकसुद्धा नाही, म्हणून ती थोपटण्यावर अगदी बरोबर बसते. दर दोन अक्षरांना एक थाप. शेवटच्या दोन ओळी सात अक्षरांच्या, आणि सातवं अक्षर दुप्पट ताणायचं, म्हणजे थापा चारच राहतात. न शिकलेल्या बाईने हे कुठून आणलं असेल म्हणून मी नुसती ऐकत बसले. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर झाकण बाजूला ठेवलं असतं.

पंजाबीतून हिंदीत आणायचं म्हणजे सोपं, असं लोकांना वाटतं. शब्द ओळखीचे असतात ना. पण पंजाबी जिथे अक्षर आपटते तिथे हिंदी ते लांबवते. अक्ख म्हणजे आँख, कन्न म्हणजे कान, हत्थ म्हणजे हाथ. मोजायला गेलं तर सारखंच, पण 'कन्न'मध्ये तोंड पटकन मिटतं आणि आवाज नाकात घुमत राहतो, 'कान'मध्ये तोंड आधी उघडं पडतं. अंगाईत हा फरक मोठा आहे. बाळाला झोपवताना कुणी आ वासून गात नाही.

पहिल्या दोन ओळी जवळजवळ आयत्याच आल्या. 'सो जा बेटा, सो जा रानी, आँखों में क्यों आया पानी.' मोजलं, आठ आणि आठ.

तिसऱ्या ओळीशी मी थांबले. 'ए कर तेरा, ओ कर तेरा.' कर म्हणजे हात. आपल्याकडे गाण्यात हाताला कर म्हणतातच, कर जोडून उभे राहतात, करकमल वगैरे. बाळाचा एक एक हात धरून, हा हात तुझा, तो हात तुझा, असा खेळ असणार. मला फार गोड वाटलं. हाताला पंजाबीत हत्थ म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण म्हटलं, बीजी कवयित्री आहे, तिने भारी शब्द वापरला. 'ये हाथ तेरा, वो हाथ तेरा.' आठ. यमक जिथल्या तिथे.

चौथी ओळ मात्र हट्टी निघाली. 'जित्थे' म्हणजे जिथे, त्याला हिंदीत 'जहाँ'. पण 'जित्थे' जड-जड आणि 'जहाँ'चा ज आखूड. तो थापेवर पडत नाही, थापेच्या आधी निसटतो आणि पुढचं सगळं गाणं अर्धं पाऊल सरकतं. 'जहाँ भी बैठे वहीं है डेरा' केलं तर दहा अक्षरं होतात. 'जिस जा' चाललं असतं, पण ते उर्दू, मुशायऱ्यातलं. दोन दिवस स्टुडिओत जाता-येता मी ओठ हलवत होते, बसमध्ये एका बाईने मला विचारलंसुद्धा, "कुठली पोथी म्हणता?" शेवटी जमलं. 'जिस कोने में बैठे, डेरा.' जिस, को, ने, में, बै, ठे, डे, रा. बाळ नुकतं बसायला शिकतंय, ज्या कोपऱ्यात बसेल तिथे त्याचा तळ. खूश झाले मी.

आणि शेवटचं जोडपं: माझं बोलणं कान देऊन ऐक, माझ्या अंगणात चंद्र उगवलाय. पंजाबीत कन्न-चन्न, काय सुरेख यमक. हिंदीत कान आणि चाँद. नाही जुळत. चाँदला हिंदीत यमकच मिळत नाही, फाँद आणि माँद असले शब्द मिळतात, त्यांचं अंगाईत काय करू? शिवाय चाँदच्या शेवटी द येतो, द वर गुणगुणता येत नाही, आवाज तिथेच कापला जातो. म्हणून चाँदला ओळीच्या मध्ये सरकवला आणि शेवटाला 'कान'शी जुळणारा, न वर मिटणारा शब्द शोधला. 'बात मेरी सुन देके कान, आँगन आया चाँद मेहमान.' सात आणि सात. दोन्हीकडे न घुमतो. वडील असते तर पाठ थोपटली असती, असं मला त्या क्षणी वाटलं. खोटं कशाला बोलू.

बुधवारी दुपारी मी कोळीवाड्याला गेले. मुलगी बाळाला डोस द्यायला दवाखान्यात गेली होती, म्हणजे घर रिकामं. बीजीने उशी मांडीवर घेतली, बाळ असल्यासारखी, आणि थोपटायला लागली. "गा."

मी गायले. 'बेटा'वर तिचा हात अडला. चालू राहिला. 'हाथ'वर साफ थांबला. मी गात राहिले. 'कोने'ला तिने माझ्याकडे बघितलं. 'मेहमान'ला उशी बाजूला ठेवली.

"मेरी कुड़ी कोने में क्यों बैठेगी?"

"बीजी, ते फक्त..."

"और मेहमान कौन है? वो ही तो मैं कह रही हूँ, मेहमान नहीं है. तूने मेहमान बोल दिया." आणि मग, "और घर? घर कित्थे गया?"

तिने 'कर कित्थे गया' म्हटलं. मला तेच ऐकू आलं, तेव्हा आणि पुढेही प्रत्येक वेळी.

"हाथ लिखा ना बीजी. कर म्हणजे हाथ."

"हाथ किसने बोला? हाथ नूं तां हत्थ कहंदे ने. हत्थ कहना होता तो हत्थ कहती. मैंने घर कहा."

"कर."

"घर!"

"तुम्ही कर म्हणताय, बीजी, माझ्या फोनमध्ये आहे." आणि मी फोन काढून तिला तिचाच आवाज ऐकवला. तरी ती मानेना. मला राग आला. सहा दिवस मी त्या ओळींच्या मागे लागले होते, आणि रागात माझं तोंड माझं राहत नाही. "तुमचा गळा बसलाय, त्यात कर काय आणि काय काय, मला कसं कळणार?"

बोलून गेले. त्या बाईचा गळा गेलाय म्हणूनच तर मी तिथे बसले होते.

बीजी रागावली नाही. उठली, मागच्या भिंतीशी गेली आणि भिंतीवर सपाट हाताने थाप मारली. "ए कर." वर बोट दाखवलं, छताकडे. "ए कर. चार दीवारां. छत्त. बूहा." बूहा म्हणताना दारावर हात ठेवला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घर. ती घर म्हणत होती, पहिल्यापासून. जुन्या पंजाबी तोंडात शब्दाच्या सुरुवातीचा घ हा घ राहत नाही. तो क सारखा निघतो आणि आवाज जरा खाली दबतो. तो दाब म्हणजेच घ. तिच्या कानाला 'कर' आणि 'घर' दोन वेगळे शब्द आहेत, माझ्या कानाला एकच. मी रेकॉर्डिंग परत लावलं. 'ए कर तेरा'मध्ये स्वर जिथे खाली जात होता, ती मला चालीतली जागा वाटली होती, आणि मी ती तशीच 'हाथ'वर नीट उचललीही होती. ती चाल नव्हतीच, तो शब्द होता.

मी इतके पंजाबी सिनेमे केले ते कागदावरून केले. स्टुडिओत गाण्याचा कागद देवनागरीत टाईप होऊन येतो, त्यावर स्वच्छ 'घर' लिहिलेलं असतं. मी वाचत होते आणि मला वाटत होतं की मी ऐकतेय. वडिलांच्या शिकवणीचं मी अगदी मातेरं केलं होतं.

"माफ करा, बीजी," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, तिला कळलं.

"चल, बैठ. चाह पी." आणि चहा करता करता तिने ती ओळ कुठून आली ते सांगितलं. मुलगी झाली तेव्हा सासू म्हणाली होती, पराया धन आहे, फार जीव लावू नको. बाळंतिणीने सासूला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून तिने बाळाला उत्तर दिलं. रोज, मोठ्याने, सासू ऐकेल असं. हे घर तुझं, ते घर पण तुझं. जन्मलीस ते तुझं आणि नांदायला जाशील ते तुझं. जिथे बसशील तिथे तुझं ठाणं.

मला इतकं आवडलं ते, की पहिल्यांदाच मी या बाईच्या प्रेमात पडले हे कबूल करते. भांडायची ही रीत माझ्या आईला माहीत असती तर किती बरं झालं असतं.

मग आम्ही दोघी कामाला बसलो. तिसऱ्या ओळीला भाषांतरच नको होतं. ए चं ये, ओ चं वो. 'ये घर तेरा, वो घर तेरा.' ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त चुकले ती जशीच्या तशी हिंदी होती. पण मला एक शंका होती आणि ती विचारायला जीभ रेटेना. "बीजी, ती ते घर सोडून आलीय. 'वो घर तेरा' तिला गायला लावायचं? लागेल तिला. 'ये घर तेरा, ये दर तेरा' करते. अक्षरं तेवढीच, दर म्हणजे दार, छान जुळतंय."

बीजीने कप खाली ठेवला. "नहीं. वो रख. उसने छोड़ा है, किसी ने छीना नहीं. जावे, ना जावे, उसकी मरजी."

'कोने'च्या जागी 'आँगन' बसलं. आँ, गन, दोन जड अक्षरं, को-ने इतकीच. 'जिस आँगन में बैठे, डेरा.' मेहमान उडवायला जरा घाम गाळावा लागला. न वर संपणारे शब्द मी ओळीने म्हणत होते, ती मान हलवत होती. शान, नको, लग्नाच्या पत्रिकेतला आहे. आसमान, लांब पडतो. 'जान' म्हटल्यावर तिने उशी परत मांडीवर घेतली. 'चाँद, मेरे आँगन की जान.' चाँद, मे, रे, आँ, गन, की, जान. सात. वरच्या ओळीत 'बात मेरी', खाली 'चाँद मेरे', दोन्ही ओळी एकसारख्या सुरू होतात. हे मूळ गाण्यातसुद्धा नव्हतं. बीजी म्हणाली, "दो बार आँगन आ गया." मी म्हटलं, चालेल का? ती त्या दोन खोल्यांकडे बघून म्हणाली, "चंगा है. घर वड्डा हो गया."

राहिला 'बेटा'. थाप पुत् आणि तर यांच्या मधल्या बंद जागेवर पडते, बेटामध्ये ती जागाच नाही, हात घसरतो. 'बच्ची' बसत होतं, च्च वर थाप पडत होती. पण बीजीला बच्ची नको. "बच्ची तो पड़ोस की भी होती है." मुलीलाच ती पुत्तर म्हणते, जसं आपण मुलीला राजा म्हणतो, सोन्या म्हणतो. शेवटी मी 'पुत्तर' तसाच ठेवला. हिंदी सिनेमाने हा शब्द सगळ्या देशाला शिकवून ठेवलाय, त्याचा एवढा तरी उपयोग.

शनिवारी दुपारी मी परत गेले. मुलगी आंघोळ घातलेल्या बाळाला घेऊन पलंगावर बसली होती. फोनवर खोलीवाल्या एजंटचा मेसेज होता, उद्या अकरा वाजता. मी तिला कागद दिला. तिने तो वाचलाही नाही, आधी म्हणाली, "ताई, मूळ ऐकव." कान आहे ना तिला. मी बीजीचं रेकॉर्डिंग लावलं. ते घोगरे सूर ऐकून तिने चाल एकदाच गुणगुणली आणि ती बरोबर होती.

बीजीने बाळाला मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागली. नातीकडे बघत नव्हती. मी मात्र बघत होते.

"सो जा पुत्तर, सो जा रानी," मुलीने सुरू केलं. "आँखों में क्यों आया पानी." आवाज साधा, पण प्रत्येक अक्षर थापेवर. "ये घर तेरा..." आणि ती थांबली.

"हे नानीचं आहे की तू घातलंस?" तिने मला विचारलं.

"नानीचं. तुझी आई झाली तेव्हाचं. मी त्या ओळीत काही केलं नाही." मग खरं तेच सांगितलं, "केलं होतं. चुकीचं केलं होतं. आता जसंच्या तसं आहे."

तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट फिरवलं. बाळ बीजीच्या कमीजची बटणं ओढत होतं. बीजीने थोपटणं सोडलं नाही, पण मान खाली होती आणि ओठ घट्ट.

मुलीने पहिल्यापासून परत घेतलं. पुत्तर, रानी, पानी. मग तिसरी ओळ.

"ये घर मेरा, ये घर तेरा."

माझं तोंड उघडलं होतं. सवयीने. कुणी शब्द बदलला की मी थांबवते, हे माझं काम आहे. 'वो' कुठे गेला? 'तेरा'चा 'मेरा' कुणी केला? पण मनातल्या मनात मोजलं तर ये, घर, मे, रा, ये, घर, ते, रा. आठ. सगळी जड. यमक तेच. बीजीने एका हाताने थोपटत दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला, म्हणजे गप्प बस. एका अक्षरासाठी मला चहा पाजून पाजून बसवणारी बाई, तिने आपली ओळ अशी बदलू दिली. आणि ते दुसरं घर तिच्या नातीने आपण होऊन गाण्यातून काढून टाकलं होतं.

मुलगी पुढे गात राहिली. जिस आँगन में बैठे, डेरा. बात मेरी सुन देके कान. शेवटच्या 'जान'वर तिने तोंड मिटून न बराच वेळ घुमवला, बीजी जशी 'चन्न'वर घुमवते तसा. तो तिला मी शिकवला नव्हता. बीजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. बाळ मात्र झोपलं नाही. टक्क जागं होतं.

तिने तीनदा गायलं. चौथ्यांदा गाताना फोन वाजला. एजंटचा होता. तिने तो उचलला, बाळाला दचकायला नको म्हणून हळू आवाजात.

"नहीं भैया, कल नहीं आ रही. नहीं, दूसरा भी मत दिखाओ." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. तिने बीजीकडे बघितलं.

"मेरा घर है," ती म्हणाली.